खार, ससा आणि चार सह्या

१९८६ साल. मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि सिल्वासाच्या बाजारातल्या एका छापखान्यात मराठीचे खिळे जुळवत होतो. शिक्षण चौथी. तेही नंदुरबारकडच्या एका गावात, जिथे गुरुजी आठवड्यातून तीन दिवस यायचे. बाकीचं जे शिकलो ते खिळ्यांनी शिकवलं. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, हातातल्या पट्टीत उलटं लावायचं, ओळ भरली की गॅलीत, त्या लांब तबकात, उतरवायची. तीस वर्षं हेच केलं, त्यामुळे उलटं वाचायला मला सुलट्यापेक्षा सोपं जातं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. ज्याला शंका असेल त्याने तेव्हा येऊन बघायचं होतं.

छापखान्यात गुजरातीचं काम जास्त. मसाट, राखोलीकडच्या कारखान्यांची लेबलं, चलनं, लग्नपत्रिका. मराठी खिळ्यांचे खण कोपऱ्यात, खिडकीखाली. तिथे माझं राज्य. दुसऱ्या कुणी त्या खणांत हात घातलेला मला चालत नसे. शेठ स्वतः आला तरी मी म्हणायचो, "काय पाहिजे ते सांगा, मी काढून देतो."

पण त्या वर्षी माझं राज्य डगमगलं होतं, आणि त्याला कारण म्हशी.

पावसाळ्यात एका कचेरीची नोटीस छापायला आली होती. अमुक तारखेला गुरांना व म्हशींना लस टोचली जाईल, सर्वांनी आणावीत. मी विचार केला, म्हैस म्हणजे गुरांतलीच की. दोनदा कशाला लिहायचं? आणि ओळही लांब होत होती. मी म्हशी काढून टाकल्या. ठरलेल्या दिवशी गाई-बैल आले, म्हशी घरी राहिल्या. साहेबाने विचारलं तेव्हा लोक म्हणाले, नोटिशीत म्हैस नाही. शेठला कचेरीत दोन तास उभं केलं.

परत आला तो लाल होऊन. शेठ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणायचा, पण त्या दिवशी काका म्हणूनही झोडपलं. "काका, तुम्हाला डोकं चालवायला कोणी सांगितलं? कागदावर जे छे ते छापायचं. अजून एक कंप्लेन आली ना, तर मराठीचं सगळं काम वापीला देऊन टाकीन. तिथे नवीन मशीन आलंय, खिळे पण लागत नाहीत. मग तुम्ही बसा बिलबुकं शिवत."

बिलबुकं शिवत! मी त्याच दिवशी देवासमोर नाही, खणांसमोर शपथ घेतली. यापुढे कागदावर असेल ते. गाढव असेल तर गाढव. माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

डिसेंबरात एका मराठी प्राथमिक शाळेचं काम आलं. स्नेहसंमेलनात दुसरीच्या मुलांना वाटायला आठ पानांची गोष्टीची पुस्तिका. गोष्ट शाळेतल्याच एका बाईंनी लिहिली होती. बाई राजापूरकडच्या, नोकरीमुळे इकडे आलेल्या, अक्षर गोल आणि मोकळं. गोष्ट अशी होती की एक छोटा ससा असतो, त्याला आपल्या लांब सावलीचा गर्व असतो. दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. मग तो कावळ्याला विचारतो, बेडकाला विचारतो, माझी सावली कुणी नेली? शेवटी संध्याकाळी सावली आपोआप परत येते आणि सशाला कळतं की ती कुणाच्या मालकीची नसते. मला गोष्ट आवडली. तसं मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

अडचण आली चित्राची. मुखपृष्ठावर ससा पाहिजे. चित्राचा ठसा मुंबईहून करून आणायचा तर आठ-दहा दिवस जाणार, आणि संमेलन पंधरवड्यावर. आमच्याकडे ठशांचा एक खण होता. त्यात गणपती, हातात हात, कमळ, फटाक्याच्या लेबलावरचा हत्ती आणि एका सुक्या मेव्याच्या दुकानदारासाठी केलेली, काजू खाणारी खार. ससा नव्हता.

शेठने शाळेच्या शिपायाबरोबर निरोप पाठवला, "ससा नथी. खार आहे. चालेल?" संध्याकाळी बाईंची चिठ्ठी आली. ती मी अजून विसरलो नाही. "चालेल. जिथे जिथे ससा आहे तिथे तिथे खार करावी. बाकी मजकूर आहे तसाच ठेवावा."

आता तुम्हीच सांगा. पावसाळ्यात म्हशींनी माझं नाक कापलेलं, वर वापीचं मशीन डोक्यावर बसलेलं, आणि चिठ्ठीत स्वच्छ लिहिलेलं की बाकी मजकूर आहे तसाच. बाईंचा अर्थ असा की गोष्टीत दुसरे बदल करू नका. तो मला कळत नव्हता असं नाही. मराठी मी तीस वर्षं जुळवत होतो. पण शपथ म्हणजे शपथ. मी ससा काढला, खार घातली. 'सशाने' होतं तिथे 'खारीने' केलं, कारण 'खारने' माझ्या बोटांना जुळवताच येईना. बाकी आहे तसंच.

पहिलंच वाक्य झालं, 'एक होता खार.' पुढे, 'छोटा खार धावला. तो दमला.'

प्रूफ काढलं तेव्हा मला ते खटकलं. मी म्हटलं, खटकू दे. प्रूफ कशासाठी असतं? शाळा तपासेल. शाळेत नाही तपासणार तर काय मटण मार्केटात तपासणार?

शाळेचे मुख्याध्यापक जळगावकडचे. उंच, बारीक, सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं. ते स्वतः प्रूफ न्यायला आले आणि म्हणाले, "एक नको, चार प्रती द्या. आमच्याकडे पद्धत आहे."

पद्धत ती अशी. परीक्षेचे पेपर त्यांच्या शाळेत एक गुरुजी पूर्ण तपासत नसत. पहिला प्रश्न सगळ्या पेपरांतला एका गुरुजींनी, दुसरा दुसऱ्यांनी, तिसरा तिसऱ्यांनी. त्यात पक्षपात होत नाही आणि काम लवकर उरकतं. तीच पद्धत त्यांनी गोष्टीला लावली. एका गुरुजींनी फक्त नामं तपासायची, दुसऱ्यांनी फक्त क्रियापदं, तिसऱ्यांनी फक्त विशेषणं. चौथी प्रत मुख्याध्यापकांची, तीन प्रतींवरच्या दुरुस्त्या एकत्र करायला.

"आणि बाई?" मी विचारलं.

"बाईंनी लिहिली आहे ना? स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. तो आमचा नियम आहे."

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांची प्रत परत आली. लाल पेन्सिलीने भरलेली, बाजूला सुबक टिपा. मी एकेक दुरुस्ती बघत गेलो आणि माझ्या हातातला चिमटा थांबला.

'छोटा खार धावला' या वाक्याचं असं झालं होतं. नामवाल्या गुरुजींनी बघितलं, छोटा आहे, धावला आहे, मधलं नाम चुकलंय. त्यांनी खार खोडून ससा लिहिला. क्रियापदवाल्यांनी आपल्या प्रतीवर बघितलं, खार आहे तर धावली पाहिजे. त्यांनी धावली केलं. विशेषणवाल्यांनी बघितलं, खार आहे तर छोटी. तिघांनीही आपापल्या जागी बरोबरच केलं होतं. मुख्याध्यापकांनी तिन्ही दुरुस्त्या एका प्रतीवर उतरवल्या. आणि वाक्य झालं, 'छोटी ससा धावली.'

पुढचं, 'तो दमली.' वरचं, 'एक होती ससा.'

मी खुर्चीवर बसलो. शेठ गल्ल्यावरून ओरडला, "शुं थयुं काका?"

"काही नाही. दुरुस्त्या आल्यात."

"किती?"

"पुष्कळ. सगळ्या मन लावून केलेल्या आहेत."

"तो मग करो ने भाई."

केल्या. कागदावर होतं ते. पुन्हा चार प्रती काढल्या, शिपाई घेऊन गेला.

पुन्हा दोन दिवस. पुन्हा लाल पेन्सिल. नामवाल्या गुरुजींनी बघितलं होतं, छोटी, धावली, म्हणजे ससा चुकला, खार पाहिजे. क्रियापदवाल्यांनी बघितलं, ससा आहे, मग धावला. विशेषणवाल्यांनी बघितलं, ससा, मग छोटा. मी सगळं जसंच्या तसं जुळवलं आणि प्रूफ काढून पहिल्या प्रूफाशेजारी ठेवलं. 'छोटा खार धावला.' पहिलं आणि तिसरं प्रूफ सारखं. एका अक्षराचा फरक नाही. आठ दिवस तीन शिक्षक, एक मुख्याध्यापक आणि मी मिळून पुन्हा होतो तिथेच आलो होतो.

खरं सांगतो, मला मजा वाटायला लागली. दिवसभर शिसं उचलणाऱ्या माणसाला मजा फार मिळत नाही. मी शिपायाला विचारलं, "काय रे बाबा, शाळेत कुणी ही गोष्ट वाचतं का?"

तो म्हणाला, "वाचतात ना. हे गुरुजी एक शब्द वाचतात, ते गुरुजी दुसरा."

"आणि सगळी?"

"सगळी कशाला वाचतील? त्यांना तेवढंच काम दिलंय."

तिसऱ्या प्रूफाचं पुन्हा तेच झालं आणि चौथं प्रूफ तयार झालं. 'छोटी ससा धावली.' तोपर्यंत गुरुवार उजाडला होता. संमेलन शनिवारी. तिकडे मुलांचे नाच बसवायचे होते, मांडव घालायचा होता. चौथ्या प्रूफावर तिन्ही गुरुजींनी एवढंच बघितलं की मागच्या वेळी मी सांगितलं ते झालंय का. झालं होतं. माझ्या हातून सुटेल कसं? तिघांनी सह्या केल्या. खाली मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि मोठ्या अक्षरात, 'तपासले. याप्रमाणेच छापावे.' तशीच सही-शिक्क्याची दुसरी प्रत त्यांनी शाळेच्या फायलीला ठेवली.

शेठने तो शिक्का बघितला आणि पहिल्यांदा हसला. "जुओ काका, असं काम पाहिजे. सही, शिक्का, खतम. आता आपल्यावर काही नाही."

शुक्रवारी दुपारी मी पानं एकत्र कसून फर्मा बांधायला घेतला तेव्हा दारात एक बाई उभ्या. खांद्याला पिशवी, पिशवीतून कागदी फुलांच्या माळा बाहेर आलेल्या. "काका, मी ती गोष्टवाली. छापून झाली का? मला कुणी दाखवलीच नाही."

मी सही केलेलं प्रूफ त्यांच्या हातात दिलं. त्या कागदाच्या रिमवर बसल्या आणि वाचायला लागल्या. पहिल्या ओळीला त्यांना वाटलं आपल्या डोळ्यांत काहीतरी गेलं. त्यांनी डोळे पुसले. मग दुसरी ओळ. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की पायाने चालणाऱ्या ट्रेडल मशीनवरचा माणूस पाय थांबवून बघायला लागला.

"काका, ही ससा कुठून आली हो?"

"चार सह्यांतून."

"आणि हे काय? 'तो दमली, आणि मग छोटी ससा रडली.' अहो, माणूस दारू पिऊनसुद्धा असं बोलत नाही!"

मी त्यांना सुरुवातीपासून सगळं सांगितलं. चिठ्ठी, चार प्रती, पेपर तपासायची पद्धत. चिठ्ठीचं ऐकताना त्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्या चिठ्ठीचा तुम्ही असा अर्थ घेतलात? खार केल्यावर होता-ची होती करायची, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"बाकी मजकूर आहे तसाच ठेवावा, असं लिहिलं होतं."

"काका, तुम्ही फार हट्टी आहात."

"आहे."

"मग आता दुरुस्त करा."

"नाही. सही झालेली आहे. शिक्का आहे. यात मी एक अक्षर हलवलं आणि तक्रार आली तर माझं मराठीचं काम वापीला जाईल. शेठने तोंडावर सांगितलंय."

त्यांचं हसणं गेलं. त्यांनी प्रूफ मांडीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या माझ्या वर्गातली मुलं ही पुस्तिका घरी नेतील. त्यांतली निम्म्यांच्या वर वारल्यांची, धोडियांची. त्यांच्या घरात दुसरी भाषा आहे. पुस्तकातली मराठी त्यांना फक्त माझ्याकडून आणि कागदावरून मिळते. कागदावर छापलंय म्हणजे ते खरं, असं ती मुलं धरतात. मी महिनाभर घसा फोडून ससा आला, खार आली शिकवलंय. उद्या त्यांच्या हातात हे देऊ? पहिलं गोष्टीचं पुस्तक आहे काका त्यांचं."

मीही कागदावरून शिकलेलो. माझ्या गावी घरात अहिराणी होती. पुस्तकातली मराठी मला शिशाने शिकवली, आणि त्यात कुणी चूक लावली असती तर मीही ती खरी धरून आजवर बोललो असतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. मी उठून शेठ कुठे आहे ते बघितलं. शेठ दादरा गावी वसुलीला गेला होता.

"वाचा," मी म्हटलं.

"काय?"

"मोठ्याने वाचा. तुम्ही वाचा, मी लावतो. पण शब्द शब्द नाही. पूर्ण वाक्य वाचायचं, मग थांबायचं."

बाई वाचायला लागल्या. 'एक होती खार.' मी ससा उचलून खार लावली. 'छोटी खार धावली. ती दमली.' कानाला वाक्य पूर्ण ऐकू आलं की बोटं आपोआप योग्य खणात जातात. मधल्या एका ठिकाणी मी फार पुढे गेलो. 'खारीने पेरू खाल्ला' असं होतं. सगळीकडे खारीमागे ली ऐकत चाललो होतो, त्या ओघात मी इथेही खाल्ली लावलं आणि बाईंना म्हटलं, "हे क्रियापदवाल्या गुरुजींनी एकदा केलं होतं, बरोबरच होतं त्यांचं."

"नाही नाही. तिथे हात नका लावू. खारी-ला ने लागला की क्रियापद खारीकडे बघतच नाही. पेरूकडे बघतं. पेरू खाल्ला. बोर असतं तर खाल्लं. चिंच असती तर खाल्ली."

"खार तिथेच बसलेली असताना?"

"बसू दे. तुम्ही घरी काय म्हणता? काकूंनी भात खाल्ली?"

मला राग आला, पण भात खाल्ली हे माझ्याही जिभेवर येईना. खाल्ला परत लावलं. 'सशाने सावली शोधली' यातलं क्रियापद तर पहिल्या दिवसापासून कुणीही न हलवता शहाण्यासारखं बसलं होतं. ससा गेला, खार आली, तरी शोधली ते शोधलीच, कारण सावली तीच. 'तिला भूक लागली' याचंही तसंच, लागली ती भूक. मी विचार केला, एवढ्या गोंधळात ही दोन वाक्यं बरी राहिली, कारण त्यांचं खारीशी काही देणंघेणंच नाही.

मग वेलांट्या संपल्या. होती, छोटी, धावली, दमली, रडली यांतच बहुतेक गेल्या होत्या, उरलेल्या आता प्रत्येक तो-ची ती करताना. नराची मादी केली की प्रत्येक शब्दाला दीर्घ वेलांटी लागते, आणि आमच्या खणात त्या मोजक्या. शेवटच्या पानावर आलो तर खण रिकामा. मी इकडे तिकडे बघितलं. दुसऱ्या गॅलीत एक लग्नपत्रिका बांधून ठेवली होती, एका कारखान्यातल्या इंजिनियरच्या बहिणीची. रविवारनंतर छापायची होती. मी तिच्यातल्या वेलांट्या काढायला लागलो.

"काका, लग्न मोडताय का कुणाचं?"

"सोमवारी परत लावतो. तोपर्यंत नवरीला काही होत नाही."

"मुहूर्त तरी शिल्लक ठेवा."

"मुहूर्ताला उकार लागतात, वेलांटी नको."

त्या पुन्हा हसल्या. पाचच्या आत सगळं बसलं. मी एक प्रूफ काढलं, बाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता वाचलं. ट्रेडलवरचा माणूस, ज्याला मराठी निम्मीच कळायची, तो म्हणाला, "सावली मळी गई, मिळाली परत? चला, बरं झालं." मग बाई नाचाच्या माळा घेऊन गेल्या आणि दिवे लागायच्या आत मी सगळ्या प्रती छापून, घड्या घालून ठेवल्या. सही केलेलं प्रूफ मी माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. ते कुणाच्या हाती पडू नये म्हणून नव्हे. माझ्याकडे असावं म्हणून.

शनिवारी संमेलन झालं. मी मागे उभा होतो. पाहुण्या साहेबांनी पुस्तिका हातात घेऊन मुखपृष्ठ बघितलं. खारीचा ठसा फार वापरलेला, शेपटीचे केस झिजलेले. ते माइकवर म्हणाले, "मुंगसाचं चित्र फार सुरेख आहे." टाळ्या पडल्या. एका मुलीने बाकावर बसल्या बसल्या पहिलं पान मोठ्याने वाचलं. एक होती खार. मी पुढे ऐकायला थांबलो नाही, घरी आलो.

संध्याकाळी शेठ घरी आला. शेठ माझ्या घरी कधी येत नसे. हातात शाळेचं पत्र. मुख्याध्यापकांनी संमेलन संपल्यावर, लोक पेढे खात असताना, फायलीतली प्रत आणि छापलेली पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून मिळवून बघितली होती. वाचली नव्हती, मिळवली होती. पत्रात लिहिलं होतं की मंजूर प्रतीशी एकोणचाळीस ठिकाणी फरक आढळला, छापखान्याने परस्पर बदल केले, हे गंभीर आहे, यापुढे शाळेचं काम दुसरीकडे देण्यात येईल.

"एकोणचाळीस!" शेठ म्हणाला. "म्हशींना तर एकच शब्द होता!"

"मी सुधारलंय. मजकूर चुकीचा होता."

"शिक्का बरोबर होता ना? काका, मी काय बोललो होतो? सोमवारपासून मराठीचे खण बंद. शिसं तोलून भंगारात देतो, काम वापीला." मग जरा थांबून, चप्पल घालताना म्हणाला, "मने पण सारूं नथी लागतुं, मला पण बरं नाय वाटत. पण कंप्लेन म्हणजे कंप्लेन."

बायकोने विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, जेवणार.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, पिशवीतून सही केलेलं प्रूफ घेतलं आणि सरकारी क्वार्टरांकडे चालत गेलो. मुख्याध्यापक ओट्यावर बनियनवर बसून दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण.

"आज रविवार आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच आलो. आज तुम्हाला वेळ असेल. सर, एवढं वाचून दाखवा."

"काय आहे?"

"तुम्ही मंजूर केलेलं. मोठ्याने वाचा. पूर्ण वाक्य वाचायचं."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला, चष्मा लावला आणि वर्गातल्यासारखा आवाज काढला. "एक होती ससा. छोटी ससा धावली. तो दमली..."

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. त्यांच्या पत्नीने दारातून डोकं बाहेर काढलं. "अहो, कोण आलंय? कुणाची नक्कल करताय?"

मुख्याध्यापकांनी पुढची ओळ वाचली, पण आवाज खाली आला. मग नुसते ओठ हलले. मग तेही थांबले. साबण गालावर सुकायला लागला होता. "हे कुणी तपासलं?"

"खाली सह्या आहेत."

त्यांनी सह्या बघितल्या. आपली जरा जास्त वेळ बघितली. "आणि छापलंय ते?"

मी खिशातून पुस्तिका काढली. ती त्यांनी मनातल्या मनात वाचायला घेतली. मी म्हटलं, "मोठ्याने." त्यांनी वाचली. सगळी. पेरूपाशी थोडे थांबले, मान हलवली, पुढे गेले. सावली परत आली तोपर्यंत त्यांच्या पत्नी पिठाच्या हाताने ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ही छान आहे," त्या म्हणाल्या. "ती मघाची कुठली होती?"

चूक झाली असं मुख्याध्यापक म्हणाले नाहीत. ते म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. मीही म्हणालो नसतो. त्यांनी आत जाऊन कोरा कागद आणला आणि लिहिलं, 'छापील प्रत हीच अंतिम व मंजूर समजावी. कालचे पत्र रद्द.' खाली सही केली आणि माझ्यासमोर धरली.

मी कागद घेतला नाही. "शिक्का?"

"शिक्का शाळेत आहे. उद्या देतो."

"माझे खण उद्या सकाळी उचलतील. शेठ शिक्का बघतो. सही बघत नाही."

"अहो, आज शाळा बंद आहे."

"किल्ली तुमच्याकडे असते."

शेवटी त्यांनी आत हाक मारली, "माझा सदरा द्या." उरलेला गाल तसाच ठेवून, कागद हातात धरून ते उतरले. मी मागे. आम्ही दोघं रविवारच्या रिकाम्या रस्त्याने शाळेपर्यंत चालत गेलो. काल घातलेला मांडव अजून उभा होता. त्यांनी ऑफिस उघडलं, टेबलाचा खण उघडला, शाईचा पॅड सुकला होता त्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि कागदावर शिक्का मारला. फिकट उठला. मी म्हटलं, "आणखी एक मारा." त्यांनी मारला. तो चांगला गोल उठला. मी कागद वाळेपर्यंत फुंकला, घडी न घालता हातात धरला आणि तिथून सरळ शेठच्या घरी गेलो.